गाडी सुटण्याआधीची पंधरा मिनिटं

सकाळचे साडेसहा वाजलेत. कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयासमोर टेम्पो उभा आहे. हौद्यात फावडी, घमेली, खराटे, पाण्याचे वीस लिटरचे जार आणि त्या सगळ्यावर आधीच चढून बसलेली चार-पाच पोरं. बाकीचे चहा पितायत. कुणीतरी नवे गमबूट घालून फोटो काढून घेतंय. ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलंय. अशा वेळी पथकप्रमुखाच्या हातातल्या कागदावर पहिलं वाक्य असावं ते एवढंच: "दादा, इंजिन बंद करा. हौद्यातले सगळे खाली या."

हे वाक्य कागदावर लिहून ठेवायची काय गरज, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण गाडी धडधडत असली की माणसाचं निम्मं मन गावात पोचलेलं असतं आणि उरलेल्या निम्म्यानं तो तुमचं ऐकतो. इंजिन बंद झालं की कळतं, आता निघायचं नाहीये, ऐकायचंय.

पूरग्रस्त गावात निघालेल्या स्वयंसेवकांना निघण्यापूर्वी जी माहिती द्यायची असते, तिचं हे लिखित टिपण. ते पंधरा मिनिटांत वाचून होतं, त्याहून लांबलं तर बिघडतं. इथे मी डोळ्यासमोर ठेवलंय ते शिरोळ तालुक्यातलं पंचगंगेकाठचं एखादं गाव, पाणी ओसरल्यानंतरचा तिसरा दिवस आणि २४ जणांचं पथक. तिसरा दिवस मुद्दाम घेतलाय. पाणी चढत असताना माणसं बाहेर काढणं हे एनडीआरएफचं, लष्कराचं, प्रशिक्षण घेतलेल्या आपदा मित्रांचं काम. तुमच्या-आमच्यासारख्या कॉलेजच्या पोरांची, बँकेतल्या कारकुनांची, भजनी मंडळातल्या बायकांची खरी गरज पडते ती नंतर. घराघरात गुडघाभर गाळ असतो, टीव्हीवाले निघून गेलेले असतात आणि सूर्य कडक तापलेला असतो, तेव्हा.

आणखी एक. हे टिपण कृष्णा-पंचगंगेच्या पुरासाठी आहे. कोकणातल्या पुराला ते जसंच्या तसं चालणार नाही. २०२१च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बघता बघता बाजारपेठेत शिरलं. आमच्याकडचं पाणी सावकाश चढतं, दिवसेंदिवस बसून राहतं आणि उतरतानाही नखरे करतं. नृसिंहवाडीला दोन नद्या भेटतात, तिथून खाली पाणी पुढे सरकायला वेळ लागतो, मागे फूग येते आणि नदी कमी झाल्याची बातमी ऐकून निघालेल्या माणसाला गावाच्या वेशीवर पाणी जिथल्या तिथे दिसतं.

म्हणून टिपणातला पहिला मुद्दा कामाचा नाही, पाण्याचा. "आज सकाळी सहाला राजाराम बंधाऱ्याची पातळी इतकी फूट. काल सहाला इतकी होती. राधानगरीचे इतके दरवाजे उघडे आहेत." रिकाम्या जागी त्या सकाळचे आकडे भरायचे. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. सांगलीत इर्विन पुलाशी हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि इर्विन पुलाशी ५७ च्या. पण स्वयंसेवकाला नुसता आकडा उपयोगाचा नाही. त्याला कळायला हवं ते हे, की पाणी उतरतंय, थांबलंय की पुन्हा चढतंय. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाज्यातून सुमारे १४०० क्युसेक पाणी नदीत येतं. वर घाटात रात्री पाऊस झाला आणि पहाटे दोन दरवाजे उघडले, तर खाली ऊन पडलेलं असतानाही दुपारनंतर ओढ्याचं पाणी परत फरशीवर येऊ शकतं. सकाळी कोरड्या फरशीवरून गेलेला टेम्पो संध्याकाळी पलीकडेच अडकतो. हे वाक्य वाचून झालं की नव्या माणसाचा चेहरा बदलतो. तो बदलायलाच हवा असतो.

मग येते कामाची वाटणी.

पहिल्या वर्षी आम्ही वाटणी केलीच नव्हती. "सगळे मिळून गावात जाऊ, जिथे गरज दिसेल तिथे हात लावू," असं ठरलं होतं. गरज पहिल्याच गल्लीत दिसली. चाळीस माणसं त्या एका गल्लीत शिरली, एकेका घरात आठ-दहा. एक फावडं मारतोय, सहा जण बघतायत, घरच्या बाई सगळ्यांना चहा करायच्या धडपडीत. गावाच्या पलीकडच्या टोकाची शाळा आणि दलित वस्ती संध्याकाळपर्यंत तशीच. कुणाची चूक नव्हती. वाहनातून उतरल्यावर माणूस पहिल्या हाकेला ओ देतो, हा स्वभावच आहे. त्याच्यावर उपाय एकच, वाहनात चढण्याआधी माणसाला त्याची गल्ली ठाऊक हवी.

वाटणीपूर्वी तीन प्रश्न विचारायचे, आणि ते सगळ्यांसमोर नव्हे, नाव नोंदवताना हळूच. पायाला किंवा हाताला जखम आहे का, भेगा पडल्यात का? मधुमेह आहे का, रोजचं कुठलं औषध चालू आहे का? धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं? ज्याच्या टाचेला भेग आहे तो गाळात उतरणार नाही. पुराच्या पाण्यात उंदीर-जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा भेगांतूनच शरीरात शिरतात. त्या माणसाला घरी पाठवायचं नाही, त्याचं काम बदलायचं. लेप्टोसाठीची प्रतिबंधक गोळी कुणी घ्यायची, किती घ्यायची, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर सांगतील. पथकप्रमुखानं खिशातून गोळ्या वाटायच्या नाहीत.

२४ जणांची वाटणी साधारण अशी बसते. १२ जण गाळ काढायला, तीन-तीनच्या चार टोळ्या. चार जण घरोघर पाहणीला, दोन जोड्या. चार जण वाटपाला. दोघे टेम्पोपाशी, पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि किल्ल्या सांभाळायला. आणि दोघे मागेच, म्हणजे कोल्हापुरात, फोन आणि वही घेऊन बसायला. ही शेवटची जागा कुणालाच नको असते. तिथे घाम गाळायला मिळत नाही, फोटो निघत नाही. पण दिवस खरा तिथून चालतो. म्हणून ती जागा सगळ्यात अनुभवी माणसाला द्यावी आणि तसं सगळ्यांदेखत म्हणावं. एरवी कुणीतरी पाय मुरगळलेला मुलगा तिथे बसवला जातो आणि दुपारी दोन वाजता त्याचा फोन बंद लागतो.

टिपणात प्रत्येक टोळीला काम सांगताना जागा, काम आणि थांबायची खूण या तिन्ही गोष्टी एका दमात यायला हव्यात. "टोळी एक. मारुतीच्या देवळापासून डाव्या हाताची गल्ली, आठ घरं. आधी म्हाताऱ्या माणसांची दोन घरं. एक वाजता हातातलं घर संपवून थांबायचं, नवं घर धरायचं नाही." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. थांबायची वेळ नसली की चांगली माणसं दमून चुका करायला लागतात.

गाळ काढणाऱ्यांसाठी एक जास्तीचं वाक्य असतं आणि ते बाहेरून आलेल्या माणसाला सुचत नाही. "घरात पाऊल टाकण्याआधी विचारायचं: पंचनामा झालाय का?" पंचनामा झालेला नसेल तर भिजलेलं धान्य, फुगलेलं कपाट, चिखलानं भरलेला फ्रिज उकिरड्यावर टाकू नका. आधी घरच्यांच्या मोबाईलवर, त्यांच्याच हातानं, फोटो काढू द्या. भिंतीवरची पाण्याची खूण पुसू नका. आपल्याला ती घाण दिसते, पण त्या घराचं किती नुकसान झालं याचा तोच पुरावा असतो. उत्साहाच्या भरात भिंती लख्ख धुऊन दिलेल्या घराला नंतर "पाणी किती आलं होतं?" या प्रश्नाला शेजाऱ्याची साक्ष द्यावी लागते.

पाहणी करणाऱ्या जोड्यांना त्याहून अवघड गोष्ट सांगायची असते. हातात वही दिसली की गावकरी समजतात सरकारकडून आले, आता यादीत नाव लागेल. त्यामुळे पहिलं वाक्य पाठ करून घ्यायचं: "आम्ही सरकारी माणसं नाही. या वहीत नाव लिहिल्यानं अनुदान मिळणार नाही. घरात कोण आजारी आहे आणि आज कशाची अडचण आहे, एवढंच विचारायला आलोय." हे ऐकून काही लोक दार लावून घेतात. घेऊ द्यावं. खोट्या आशेवर उघडलेल्या दारापेक्षा ते बरं.

वाटपाची गोष्ट थोडक्यात सांगतो. २०१९ला पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेला होता आणि काही दिवस वाहतूक थांबली होती. रस्ता सुटल्यावर मदतीची रांग लागली. ती मदत साहजिकच रस्त्याकडेच्या गावांत उतरली. जुन्या कपड्यांचे ढीग चौकात पडले आणि आतल्या वस्त्यांना काडेपेटी मिळेना. त्यामुळे टिपणात वाक्य आहे: "हौद्यातून हात पुढे करून काही द्यायचं नाही. गाडी ग्रामपंचायतीसमोर उभी राहील आणि सामान पाहणीच्या यादीप्रमाणे घरपोच जाईल." ज्यांची गाडी रस्त्यात गर्दीनं अडवली आहे त्यांना हे वाक्य पाळणं किती कठीण असतं ते ठाऊक आहे. म्हणून पोलीस पाटलांना आदल्या रात्रीच फोन करावा लागतो.

आता नियम. इथे पथकप्रमुखांची एक खोड मी पाहिली आहे. ते तीस नियम वाचतात. तीस नियम ऐकलेल्या माणसाला संध्याकाळी एकही आठवत नाही. मी पाचांवर थांबतो, आणि प्रत्येकामागचं कारण सांगतो. गावात कुणीतरी म्हणतंच, "काही होत नाही हो, आम्ही रोज जातोय." त्या वेळी नियम आठवला नाही तरी कारण आठवतं.

पहिला नियम पाण्याचा. साचलेलं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबायचं. वाहतं पाणी घोट्याच्या वर असेल तरी थांबायचं. जोरात वाहणारं सहा इंच पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतं आणि एक फूट पाणी छोटी मोटार ढकलू शकतं. त्यात गमबूट. गाळात ते पायाचं रक्षण करतात, पण ओढ्यात उतरलात तर वरून पाणी भरतं आणि प्रत्येक पाय धोंड्यासारखा जड होतो. सकाळी फोटो काढणाऱ्या मुलाकडे बघून हे वाक्य म्हणावं. रस्ता दिसत नसेल तिथे पुढच्या माणसाच्या हातात काठी, आणि काठी टेकल्याशिवाय पाऊल नाही. मळ्यातल्या बिनकठड्याच्या विहिरी पाण्याखाली असताना आजूबाजूच्या शेतासारख्याच दिसतात.

नावेनं जावं लागलं तर वेगळी गोष्ट. ८ ऑगस्ट २०१९ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावात माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि दहाहून जास्त माणसं बुडाली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. घाबरलेल्या माणसाला काठावर थांबवणं सोपं नसतं, हे त्या दिवशी त्या काठावर उभ्या असलेल्यांनाच ठाऊक. पण आपण घाबरलेले नाही, आपण मदतीला निघालोय, आपल्याला थांबता येतं. टिपणातलं वाक्य असं: "किती बसायचे ते नाव चालवणारा ठरवेल. जागा नाही म्हणाला तर आपली पूर्ण जोडी मागे राहील. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावल्याशिवाय कुणी बसणार नाही."

दुसरा नियम विजेचा. गावात दिवे नाहीत म्हणजे तारेत वीज नाही असं समजायचं नाही. कुणाच्या घरी इन्व्हर्टर असतो, कुणी जनरेटर लावून मोबाईल चार्ज करत असतो आणि ती वीज उलट्या वाटेनं लोंबणाऱ्या तारेत येऊ शकते. गावच्या वायरमननं स्वतः सांगेपर्यंत बटण, मीटर, पंपाची पेटी, डीपीचं कुंपण, कशालाही हात नाही. "वायरमन म्हणाले असं कुणीतरी सांगितलं" हे चालत नाही. वायरमनशी टोळीप्रमुख स्वतः बोलेल.

तिसरा नियम भिंतीचा. नव्या माणसांना सगळ्यात आश्चर्य याचंच वाटतं. पांढऱ्या मातीची, कच्च्या विटांची भिंत पाण्यात उभी राहते, कारण आतलं आणि बाहेरचं पाणी तिला दोन्हीकडून आधार देत असतं. पाणी उतरलं की आधार जातो, माती मात्र भिजून जड झालेली असते. मग ऊन पडतं, वरचा भाग सुकून आक्रसतो, खालचा ओलाच राहतो आणि भिंत बसते. म्हणजे धोका पुरापेक्षा पुरानंतरच्या उन्हात जास्त. खुणा दिसतात: कोपऱ्यात ताजी, आतून ओली चीर, काल सहज उघडणारं आणि आज चौकटीत अडकणारं दार, पायथ्याशी आलेला फुगवटा, पापुद्र्यासारखी गळणारी माती. यातलं एक जरी दिसलं तरी त्या खोलीत काम नाही. भिंत ढकलून बघायची नाही, आणि तिच्या उंचीएवढं अंतर राखून उभं राहायचं. घरमालक आत जाऊन सामान काढतोय म्हणून आपण मागोमाग जायचं नाही. त्याला बाहेर बोलवायचं आणि सरपंचांना कळवायचं.

चौथा, साप. ते माळ्यावर, कडब्यात, गाळाच्या ढिगाखाली बसलेले असतात. हात घालण्याआधी फावड्याचा दांडा घालायचा. साप दिसला की मागे सरायचं, सर्पमित्राला बोलवायचं, आणि मोबाईल घेऊन जवळ जायचं नाही. चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. तो हात किंवा पाय न हलवता, माणसाला चालू न देता, १०८ला फोन करून दवाखान्यात न्यायचं.

पाचवा नियम जोडीचा. कुणीही, कुठेही, लघवीलासुद्धा, एकटा जाणार नाही. गाडीत चढताना आणि उतरताना नंबर मोजायचे. आपला नंबर स्वतःच्या तोंडानं म्हणायचा, मित्रासाठी "आहे तो" म्हणायचं नाही.

याशिवाय एक गोष्ट मी नियम म्हणून सांगत नाही, विनंती म्हणून सांगतो. लोकांच्या चिखलातल्या संसारासोबत स्वतःचे फोटो काढू नका. हे सांगितल्यावर दरवेळी दोघा-तिघांची तोंडं उतरतात.

आता उरली खबर देण्याची पद्धत. माझ्या मते या पंधरा मिनिटांतली सगळ्यात जास्त मिनिटं तिला द्यायला हवीत, आणि सहसा सगळ्यात कमी दिली जातात. "काही लागलं तर फोन करा" एवढ्यावर निभावलं जातं. मग दुपारी असा निरोप येतो: "इथली परिस्थिती फार वाईट आहे. लोक तीन दिवस उपाशी आहेत. ताबडतोब मदत पाठवा." वही घेऊन बसलेल्या माणसानं याचं काय करायचं? कुठे, किती लोक, कसली मदत? तो कळवळून दोन गाड्या पाठवतो. त्याच वेळी तोच निरोप आणखी तिघांना गेलेला असतो, तेही पाठवतात. संध्याकाळी त्या वस्तीवर पाव आणि बिस्किटांचे खोके पडलेले असतात आणि खरी गरज असते ती स्टोव्हच्या रॉकेलची.

म्हणून पथकाला तीन शब्द शिकवायचे: पाहिलं, मोजलं, ऐकलं. प्रत्येक निरोप यांतल्या एका शब्दानं सुरू झाला पाहिजे. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तर "पाहिलं". घरं, माणसं, जार मोजले तर "मोजलं". कुणी सांगितलं तर "ऐकलं", आणि सोबत कुणी आणि कधी सांगितलं ते. ऐकलेली गोष्ट कमी दर्जाची आहे असं नाही. ती फक्त वेगळ्या रकान्यात जाते.

एक उदाहरण पूर्ण बघू. समजा पाहणीची दुसरी जोडी गावाच्या टोकाशी आहे. तिथे एक दूधवाला सांगतो की ओढ्यापलीकडच्या वस्तीवर पन्नास घरं आहेत आणि कुणाला प्यायला पाणी नाही. जोडीला पलीकडे जाता येत नाही, फरशीवरून पाणी वाहतंय. ती असा निरोप पाठवते:

"जोडी दोन. ११.१०. पाहिलं: ओढ्याची फरशी पाण्याखाली, पाणी वाहतं, आम्ही पलीकडे गेलो नाही. ऐकलं: पलीकडच्या वस्तीवर ५० घरं, पिण्याचं पाणी नाही. सांगणारे दूधवाले, ते काल संध्याकाळी तिकडे होते. मोजलं: आमच्या बाजूची १८ घरं, तापाचे रुग्ण २, दोघांची नावं आशाताईंना दिली. पुढचा निरोप २ वाजता."

कोल्हापुरात वहीवर बसलेला माणूस आता गाडी पाठवत नाही, फोन करतो. आधी ग्रामसेवकांना, मग वस्तीवरच्याच कुणाला. कळतं की घरं पन्नास नाहीत, चौदा आहेत. त्यांतली अकरा कुटुंबं शाळेतल्या निवारा केंद्रात आहेत. तीन कुटुंबं जनावरांसाठी मागे थांबलीत, तेरा माणसं. पाणी नाही हे खरं, पण पूर्ण खरं नाही. हातपंप चालू आहे, त्यातलं पाणी शुद्ध केलेलं नाही. म्हणजे तिथे टँकर नको. जलसुरक्षकानं जाऊन पाण्यात टीसीएल पावडर टाकायला हवी आणि मग ओटी चाचणीत पाणी पिवळं होतं का ते बघायला हवं. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन उरलाय. आणि तेरा माणसांना दोन दिवस पुरेल एवढे पाण्याचे जार तोवर हवेत. ते नेण्यासाठी फरशी उघडायची वाट बघायची की वरच्या पुलावरून लांबचा वळसा घालायचा, हे तालुक्याच्या नियंत्रण कक्षाला विचारून ठरतं. सगळ्या फोनांना वीस-पंचवीस मिनिटं लागली. दोन टँकर आणि पन्नास कुटुंबांचं सामान वाचलं. त्या चार ओळींच्या निरोपात "ऐकलं" हा शब्द नसता तर हे झालं नसतं.

निरोपाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात: ११, २ आणि साडेचार. काही झालेलं नसलं तरी "काही नाही, सगळे आठ ठीक" एवढं कळवायचं. पूरपट्ट्यात टॉवर बंद पडतात, कॉल लागत नाही, पण साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, म्हणून व्हॉट्सॲपवर विसंबायचं नाही. ठरलेल्या वेळेनंतर वीस मिनिटं निरोप आला नाही तर वहीवरचा माणूस आधी त्या टोळीतल्या दुसऱ्याला, मग शेजारच्या टोळीला, मग गावातल्या माणसाला फोन लावेल. तरी पत्ता लागला नाही तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. हा क्रम सगळ्यांना आधीच सांगायचा. आपण उशीर केला की मागे काय हालचाल सुरू होते ते कळलं की मुलं वेळ पाळतात. धमकीपेक्षा हे बरं चालतं.

एक निरोप मात्र कुठल्याही रकान्याची वाट बघत नाही. माणूस जखमी झाला, वाहून जाताना दिसला, भिंत पडली, साप चावला: आधी १०८ किंवा ११२, मग पथकप्रमुख, मग वही. हा क्रम उलटा करणारी मंडळी मी पाहिली आहेत. आधी ग्रुपवर टाकतात.

संध्याकाळी पाच वाजता काम बंद. घरी गेल्यावर कुणी काही लिहीत नाही, म्हणून टेम्पो सुटण्याआधी तिथेच दहा मिनिटं बसायचं. प्रत्येक टोळी तीनच गोष्टी सांगते: काय पूर्ण झालं, काय अर्धवट राहिलं, उद्या येणाऱ्याला काय ठाऊक असायला हवं. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात कामाची असतात. "चौथ्या घरातल्या आजींना कमी ऐकू येतं, दार वाजवून उपयोग नाही, मागून जा." "शाळेच्या संडासाची टाकी उघडी आहे, वर पत्रा टाकलाय." हे कुठल्याही सरकारी नमुन्यात मावत नाही. मग साबणानं हातपाय कोपरा-गुडघ्यापर्यंत धुवायचे, नवी खरचटलेली जागा दाखवायची आणि नंबर मोजायचे.

टिपणातलं शेवटचं वाक्य सकाळी वाचायचं असतं, पण ते त्या दिवसाचं नाही. "पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा की मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो. आणि मला फोन करा." लेप्टोची लक्षणं साध्या तापासारखीच सुरू होतात, बऱ्याचदा आठ-दहा दिवसांनी. तोवर माणूस पूर विसरलेला असतो, डॉक्टर विचारत नाहीत. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर २४ नावांपुढे दोन रकाने आखलेले असतात. एकात त्याच रात्री "घरी पोचले" अशी खूण होते. दुसरा एकविसाव्या दिवसापर्यंत रिकामा असतो आणि तो भरायला एकेकाला फोन करावा लागतो.